तू, तुम्ही की आपण? कुणाशी कसे बोलावे याची एक नोंद



परभणी जिल्ह्यातल्या खेड्यांत आणि तालुक्याच्या कचेऱ्यांत काम करताना आम्हाला दिवसातून शंभर वेळा एक लहानसा निर्णय घ्यावा लागतो. समोरच्याला तू म्हणायचे, तुम्ही म्हणायचे की आपण? हा निर्णय चुकला तर म्हातारे माणूस गप्प होते, कारकुनाच्या कपाळाला आठी पडते, जिवलग मित्र दुखावतो. बऱ्याचदा कामही अडते. नव्याने सामाजिक कामात आलेल्या तरुण मुलामुलींना हे कुणी बसवून शिकवत नाही, म्हणून आम्ही ते इथे सविस्तर लिहीत आहोत. भाषेचे नियम सगळ्यांना माहीत असतात. ते कुठे निसटतात आणि निसटले हे कसे ओळखायचे, यावर आमचा भर आहे.

आदर नेमका कुठे असतो

तू म्हटले की अनादर आणि तुम्ही म्हटले की आदर, असा आपला समज असतो. मराठीत मात्र आदर एका शब्दात बसत नाही. तो वाक्यात चार ठिकाणी असतो.

पहिले ठिकाण सर्वनाम: तू, तुम्ही, आपण. दुसरे क्रियापद: बस की बसा, आलास की आलात. ही दोन आपण सहसा सांभाळतो. तिसरे ठिकाण निसटते. समोरच्या माणसाबद्दल त्याच्यादेखत तिसऱ्याशी बोलताना आपण काय म्हणतो? "हिचा कागद राहिलाय" की "ह्यांचा कागद राहिलाय"? "हा म्हणतोय" की "हे म्हणतायत"? मावशींना तोंडावर "बसा" म्हणायचे आणि लगेच टेबलापलीकडच्याला "हिचं आधार लिंक नाही" असे सांगायचे, हे आम्ही रोज ऐकतो. मावशींनी दोन्ही ऐकलेले असते आणि त्यांच्या लक्षात दुसरे राहते.

चौथे ठिकाण नाव आणि नाते. "मामाला विचार" आणि "मामांना विचारा" यांत क्रियापदाबरोबर नात्याच्या शब्दाचे रूपही बदलते. नावाला ताई, बाई, राव, भाऊ जोडले की नाही, यातही आदर ठरतो. "ए बाई" आणि "शांताबाई" यांत शब्द तोच आहे, पण एकीला हाक मारली आहे आणि दुसरीला हटकले आहे.

म्हणून आमच्याकडे नव्या कार्यकर्त्याला सांगतात की तुमचे तुम्ही चारही ठिकाणी टिकते का ते पाहा. तीन ठिकाणी टिकून चौथ्या ठिकाणी गळाले, तर ऐकणारा ते गळालेलेच धरून ठेवतो.

आपल्या भागातला तू

पुण्या-मुंबईहून आलेले लोक इथल्या खेड्यात पहिल्यांदा बसतात तेव्हा चक्रावतात. नातू आजीला तू म्हणतो. पन्नाशीचा माणूस आईला "माय, तू जेवलीस का?" म्हणतो. काही घरांत चुलत्यालाही तू असते. यात अनादर नसतो. आई-आजीला तू म्हणणे ही जवळीक आहे. ती मराठीत सगळीकडेच आहे, आपल्याकडे तिचा पसारा जरा मोठा इतकेच.

पण याच तू ला आपल्या समाजात दुसरा इतिहास आहे. गावगाड्यात आपल्या पूर्वजांना वयाचा विचार न करता तू म्हटले जाई. सत्तर वर्षांच्या माणसाला पाटलाचे दहा वर्षांचे पोर एकेरीत हाक मारी आणि नावाला 'या' लावून ते तोडून टाकी. उलट बाजूने मान झुकवून "जोहार मायबाप" म्हणावे लागे. बोलण्याची अशी एकतर्फी वाट पिढ्यान्‌पिढ्या चालली. ती मोडायला जी साधने पुढे आली त्यांत अभिवादन हे एक मोठे साधन होते. 'जयभीम' रूढ करण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास यांना दिले जाते. या शब्दाची रचना पाहण्यासारखी आहे. एकाने जयभीम म्हटले की दुसऱ्याने उत्तरात जयभीमच म्हणायचे. लहान-मोठा, गरीब-श्रीमंत, दोन्ही बाजूंना शब्द एकच. जोहारला असे उत्तर नव्हते.

समाजशास्त्रात रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांचा १९६० चा एक निबंध या विषयावर प्रसिद्ध आहे. युरोपातल्या भाषांमध्येही तू आणि तुम्ही असे दोन शब्द असतात आणि त्यांच्यामागे दोन शक्ती काम करतात, असे त्यांनी दाखवले. एक सत्ता आणि दुसरी आपलेपणा. सत्तेचा तू एका बाजूने जातो आणि परत येत नाही. आपलेपणाचा तू दोन्ही बाजूंनी चालतो. आपल्या गावांना हे तंतोतंत लागू पडते, फक्त आपल्याकडे त्यात जात मिसळलेली आहे.

मग ऐकलेला तू कोणता, हे कसे ओळखायचे? आम्ही तीन गोष्टी पाहतो.

पहिली: त्याच खोलीत, त्याच वयाच्या दुसऱ्या माणसाला काय म्हटले जाते? कारकून सगळ्याच म्हाताऱ्यांना "ये बाबा, बस" म्हणत असेल तर ती त्याच्या बोलण्याची ढब आहे. एकाला "बसा अण्णा" आणि दुसऱ्याला "तू थांब तिकडं" म्हणत असेल, तर फरक कशाचा आहे हे शोधावे लागते.

दुसरी: तू परत जाऊ शकतो का? आजी नातवाला तू म्हणते आणि नातू आजीला. दोन मित्र एकमेकांना तू म्हणतात. पण ज्याने तू म्हटले त्याला उलट तू म्हटले तर भांडण होईल, असे असेल तर तो आपलेपणाचा नाही.

तिसरी: तू सोबत नाते येते का? "मावशी, तू इथं सही कर" आणि "ए, तू इथं सही कर" हे वेगळे आहे. नुसत्या तू ला नाते जोडलेले नसेल तर तो उघडा पडतो.

या तिन्ही पाहिल्याशिवाय आम्ही कुणाच्या बोलण्यावर शिक्का मारत नाही. एका तू वरून माणूस जातीयवादी ठरवायला निघालो तर अर्ध्या जिल्ह्याशी भांडावे लागेल, आणि खरा अपमान त्या गर्दीत लपून जाईल.

ज्येष्ठांशी

अनोळखी ज्येष्ठ माणसाला आम्ही नात्याच्या शब्दाने हाक मारतो आणि क्रियापद तुम्हीचे ठेवतो. बाबा, मामा, काका, मावशी, आजी यांपैकी जे त्या घरात चालते ते. "मामा, बसा की. घाई नाही." शेवटचा 'की' हा मराठवाड्याचा मऊपणा आहे. "बसा" हा हुकूम वाटू शकतो, "बसा की" हा आग्रह वाटतो.

'माय' हा शब्द जपून वापरावा. आपल्याकडे माय म्हटले की मागे तूच येतो. "माय, तुम्ही" कानाला परके वाटते. तेव्हा पहिल्या भेटीत मावशी किंवा आजी म्हणून तुम्हीने सुरुवात करावी. दोन-तीन भेटींनंतर त्याच म्हणाल्या, "लेकरा, मला कशाला तुम्ही-आम्ही करतो," तर मग "माय, तू" म्हणायला हरकत नाही. खाली उतरायचा निर्णय मोठ्यांनी घ्यायचा, आपण नाही. त्या आपल्याला तू म्हणतील, तो मात्र पहिल्या दिवसापासून स्वीकारावा. वयाचा फरक एकतर्फी असतो आणि त्यात कुणाला काही खुपत नाही.

'मावशी' या शब्दालाही शहरात एक वळण लागले आहे. शाळेतल्या शिक्षिका बाई किंवा मॅडम, आणि तिथेच झाडलोट करणाऱ्या मावशी. दोघींचे वय एकच असले तरी एकीला हुद्दा मिळतो आणि दुसरीला नाते. सफाई कामगार महिलांच्या बैठकीत आम्ही म्हणूनच नाव विचारून नावाला ताई लावतो. नाव विचारल्यावर बऱ्याच जणी आधी हसतात, मग पूर्ण नाव सांगतात.

मदतीसाठी आलेल्या माणसाशी

इथे आमचा नियम सरळ आहे. वय १८ च्या वर असेल आणि माणूस काही कामासाठी आला असेल तर तुम्ही, पहिल्या शब्दापासून. यात तीन प्रकारच्या लोकांच्या बाबतीत सर्वांत जास्त घसरण होते: अपंग व्यक्ती, मानसिक आजारी व्यक्ती आणि दारूच्या व्यसनात अडकलेला माणूस. चाळीस वर्षांच्या अंध माणसाला लोक सहज "तुला कुणी आणलं रे?" विचारतात. किंवा सोबत आलेल्या भावालाच विचारतात, "ह्याचं वय काय?" इथे सर्वनामाच्या आधी नजर सुधारावी लागते. प्रश्न त्याच माणसाकडे तोंड करून विचारला की तुम्ही आपोआप येतो.

नाते आणि वय कळेपर्यंत काय म्हणावे असा प्रश्न पडला, तर मराठीत एक पळवाट आहे आणि ती वापरावी. "नाव काय?" "गाव कोणतं?" "येणं कुठून झालं?" "कागद आणलेत का?" या वाक्यांत तू नाही, तुम्हीही नाही. क्रियापद कागदाप्रमाणे किंवा येण्याप्रमाणे चालते, माणसाप्रमाणे नाही. जुनी माणसे अनोळखी पाहुण्याशी असेच बोलत: "जेवण झालं का?" पण ही पळवाट पहिल्या दोन मिनिटांपुरतीच. अर्धा तास असे बोलत राहिले तर समोरच्याला वाटते की आपल्याशी बोलायचे टाळले जात आहे.

'आपण' बद्दलही एक सावधगिरी. या शब्दाचे दोन अर्थ आहेत. "आपण बसावे" यात तो आदरार्थी तुम्ही आहे. "आपण अर्ज भरू" यात तो मी आणि तुम्ही मिळून आहे. दुसरा अर्थ आमच्या कामात फार उपयोगी पडतो, कारण त्यात ओझे वाटले जाते. पण तो खोटाही ठरू शकतो. "आपण उद्या तहसीलला जाऊ" म्हटले आणि दुसऱ्या दिवशी बाई एकट्याच गेल्या, तर तो आपण फसवा होता. सोबत जाणार नसाल तर "तुम्ही जा, मी फोन करून ठेवतो" असे स्पष्ट म्हणावे.

अधिकाऱ्यांशी

तोंडी बोलताना साहेब किंवा मॅडम आणि तुम्ही, एवढे पुरते. "साहेब, तुम्ही एकदा फाइल बघाल का?" यात 'बघाल का' ने विनंती होते आणि पाठीचा कणा सरळ राहतो. तोंडी बोलण्यात सारखे 'आपण' आणले की भाषण केल्यासारखे वाटते. लेखी अर्जात मात्र 'आपण', 'आपणास', 'आपल्या कार्यालयास' हेच योग्य.

आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू होती आणि तिच्या खुणा अजून बोलण्यात आहेत. हुजूर, मायबाप, मेहरबान हे शब्द जुन्या माणसांच्या तोंडी येतात. अर्जाच्या डोक्यावर "मे. तहसीलदार साहेब" लिहितात त्यातला 'मे.' हा मेहरबानच आहे, म्हणजे कृपा करणारा. पेन्शन किंवा दाखला ही कृपा नाही. म्हणून आम्ही अर्जावर "प्रति, मा. तहसीलदार" असे लिहितो. आदर तेवढाच राहतो, फक्त कृपा निघून जाते. कुणी म्हातारे बाबा साहेबापुढे हात जोडून "मायबाप" म्हणाले तर आम्ही चारचौघांत त्यांना टोकत नाही. ती त्यांची आयुष्यभराची सवय आहे. आम्ही स्वतः मात्र तो शब्द वापरत नाही आणि तरुणांना शिकवत नाही.

दुसऱ्या राज्यातून आलेल्या अधिकाऱ्याशी हिंदीत बोलताना एक ठराविक चूक होते. आपण मनात 'तुम्ही' म्हणतो आणि तोंडातून 'तुम' येतो. इथल्या दखनी बोलणाऱ्या शेजाऱ्याला ते खटकत नाही, पण उत्तरेकडच्या अधिकाऱ्याला ते एकेरीच्या जवळचे वाटते. मराठी तुम्हीला हिंदीत जोड 'आप' ची आहे, हे लक्षात ठेवावे.

एक नमुना प्रसंग

हे सगळे एकत्र कसे चालते ते दाखवण्यासाठी एक प्रसंग घेऊ. यातली व्यक्ती आणि कार्यालय नमुन्यादाखल आहेत, पण बोलणे रोजचे आहे.

गंगाखेड तालुक्यातल्या एका खेड्यातल्या बासष्ट वर्षांच्या विधवा बाई. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करायचा आहे. वयाचा पुरावा, रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, पतीचा मृत्यू दाखला असे कागद लागतात. मुलगा पुण्याकडे बांधकामावर आहे.

घरी पहिली भेट. "मावशी, येऊ का? काय करायलात?" त्या म्हणतात, "ये बाबा, बस." आपला तुम्ही, त्यांचा तू. बरोबर आहे. बाहेरून आलेला दुसरा एखादा कार्यकर्ता इथे "आपले उत्पन्नाचे साधन काय आहे?" असे विचारेल. शब्द आदराचे आहेत, पण बाई घाबरतात, कारण ही भाषा त्यांनी फक्त सरकारी माणसाकडून ऐकलेली असते. आदर राखून भाषा घरची ठेवता येते: "मावशी, सध्या भागतं कशावर? कामाला जाता का कुठं?"

आता खिडकीवर. कारकून कागद उलटतो आणि विचारतो, "तुला मुलगा हाय ना? तो सांभाळतो ना?" बाई म्हणतात, "हो, सांभाळतो की."

इथेच अर्ज अडचणीत येतो, आणि त्याचे कारण बोलण्याच्या पद्धतीत आहे. दटावलेल्या स्वरात, एकेरीत, चार लोकांसमोर "मुलगा सांभाळतो ना?" असे विचारले की कोणतीही आई हो म्हणते. नाही म्हणणे म्हणजे लेकराची बदनामी करणे. वर प्रश्नातच उत्तर ठेवलेले आहे. खरी परिस्थिती अशी असते की मुलगा दिवाळीला येतो आणि कधीमधी पाचशे रुपये देतो. निराधार आहे की नाही हेच जिथे तपासायचे आहे, तिथे हा 'हो' कागदावर गेला तर पुसणे अवघड होते.

अशा वेळी कारकुनाला "तुम्ही ह्यांना तू का म्हणता?" असे विचारणे बरोबर असले तरी पहिली पायरी तीच असू नये. काम त्याच्याच हातात असते आणि बाईंना भांडण नको असते. आम्ही आधी तिसऱ्या ठिकाणाचा उपयोग करतो. "साहेब, ह्या सकाळच्या गाडीनं आल्यात. ह्यांचा मुलगा पुण्याकडं असतो. ह्यांनाच नीट सांगू द्या ना." तीन वाक्यांत तीन वेळा 'ह्या', 'ह्यांचा', 'ह्यांना' कानावर पडले. बहुतेक माणसे नकळत सूर बदलतात. पुढचा प्रश्न तुम्हीत नाही आला तरी निदान "मावशी" घेऊन येतो.

मग आम्ही बाईंकडे वळून तोच प्रश्न सुटा करून विचारतो. "मावशी, मुलगा शेवटचा कधी आला होता?" "पैसे पाठवतो का?" "मागच्या महिन्यात किती आले?" तुम्हीच्या सुरात, एकेक करून, आकडा येईल असे विचारले की बाई खरे सांगतात, कारण यात लेकराला वाईट म्हणावे लागत नाही. उत्तरे कारकुनासमोरच येतात. गावात चौकशीला कुणी आले तर पुन्हा हेच होणार आहे, म्हणून परतताना गाडीत आम्ही सांगतो, "मावशी, कुणी विचारलं तर 'सांभाळतो' म्हणू नका, किती देतो ते सांगा." यात आम्ही त्यांना खोटे बोलायला शिकवत नाही. 'सांभाळतो' या शब्दात दडलेले खरे तेवढे बाहेर काढतो.

एवढे करूनही कारकून तूवरच राहिला, आणि शेजारच्या रांगेतल्या दुसऱ्या म्हाताऱ्याला "बसा काका" म्हणत असेल, तर मग वर सांगितलेली पहिली खूण पटली. तेव्हा त्याच्या वरिष्ठाकडे जाऊन शांतपणे, नेमके शब्द सांगून तक्रार करावी.

शब्द नोंदवताना

प्रकरण अपमानापर्यंत गेले तर भाषा हाच पुरावा असतो. नुसते तू म्हणणे हा गुन्हा नाही, हे आधी लोकांना स्पष्ट सांगावे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात, २०१६ पासून लागू असलेल्या दुरुस्तीनुसार, कलम ३(१)(आर) मध्ये लोकांच्या नजरेसमोर हेतुपुरस्सर अपमान करणे आणि ३(१)(एस) मध्ये लोकांच्या नजरेसमोर जातीच्या नावाने शिवीगाळ करणे येते. म्हणजे कोणते शब्द, कुठे आणि कोण हजर होते, या तीन गोष्टींना महत्त्व आहे.

जबाब लिहिताना लिहिणारा अनेकदा बोली भाषा सुधारून घेतो. "त्याने मला अपमानास्पद शब्द वापरले" असे गुळगुळीत वाक्य तयार होते आणि नेमका शब्दच हरवतो. तक्रारदाराने जे ऐकले ते तसेच, तू असेल तर तू, नाव तोडले असेल तर तोडलेले नाव, जबाबात यायला हवे. सही करण्यापूर्वी जबाब वाचून दाखवायला सांगावा आणि शब्द बदलला असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्यावा.

मित्रांमध्ये

जवळच्या मित्रांत तूच शोभतो. जो 'या' गावगाड्यात नाव तोडायला वापरला गेला, तोच मित्रांत लाडाचा होतो, कारण इथे तो दोन्ही बाजूंनी चालतो. मित्राने अचानक "तुम्ही मोठे लोक, तुम्हाला कुठं वेळ" असे म्हटले, तर तो आदर नाही, राग आहे. मराठीत मित्राला तुम्ही म्हणणे हा टोमण्याचा जुना मार्ग आहे. ते ऐकल्यावर विनोद म्हणून सोडू नये, काय झाले ते विचारावे.

अडचण येते ती मित्र हुद्द्यावर गेल्यावर. कॉलेजात एका ताटात जेवलेला मित्र ग्रामसेवक किंवा फौजदार झाला. आमची रीत अशी: त्याच्या कार्यालयात, त्याच्या हाताखालच्या लोकांसमोर साहेब आणि तुम्ही. बाहेर चहाच्या टपरीवर तू. हा दुटप्पीपणा नाही. कार्यालयातला तुम्ही त्याच्या खुर्चीसाठी असतो, आणि आपण त्याला चारचौघांत तू म्हटले तर रांगेतल्या माणसाला वाटते की इथे ओळखीनेच काम होते. दोघांनी एकदा हे बोलून ठेवले की कुणाच्या मनात काही राहत नाही.

विहारात

आपल्या धम्मातही याचा विचार आहे. महापरिनिब्बान सुत्तात भगवान बुद्ध आनंदाला सांगतात की आजवर भिक्खू एकमेकांना सरसकट 'आवुसो' म्हणत आले, पुढे तसे करू नये. ज्येष्ठ भिक्खूने कनिष्ठाला नावाने, गोत्राने किंवा आवुसो म्हणून हाक मारावी आणि कनिष्ठाने ज्येष्ठाला 'भन्ते' किंवा 'आयस्मा' म्हणावे. संघात ज्येष्ठता उपसंपदेवरून मोजतात, कुळावरून नाही. म्हणजे तिथे संबोधनाला क्रम आहे, पण त्या क्रमाचा जन्माशी संबंध नाही.

आज आपण भिक्खूंना भन्तेजी म्हणतो आणि सोबत आपण किंवा तुम्ही वापरतो. लग्नपत्रिकेत आणि कार्यक्रमपत्रिकेत श्री. ऐवजी 'आयु.' लिहितो. हा आयुष्मान त्याच आयस्मा शब्दाचा भाऊबंद आहे. तो पत्रिकेत छापला जातो, पण त्याच कार्यक्रमात खुर्च्या लावणाऱ्या मुलाला "ए, इकडं ये रे" म्हटले जाते आणि स्वयंपाक करणाऱ्या बायकांची नावे कुणाला माहीत नसतात. गावाने आपल्याला जो एकतर्फी तू दिला, तो आपल्या मंडपात आपणच पुढे चालवू नये. पुढच्या कार्यक्रमात आभार मानताना जेवण बनवणाऱ्या ताईंची नावे 'आयुष्मती' लावून व्यासपीठावरून वाचावीत. त्यासाठी आदल्या दिवशी एकाने वही घेऊन स्वयंपाकाच्या जागी जावे आणि नावे लिहून आणावीत.